पाहुणीची ओळख मी करून दिली

आमच्या राईस मिलवाल्यांच्या संघाचा मेळावा दरवर्षी गोंदियाला होतो. लॉन भाड्यानं घेतात, मशीनवाले बाहेर आपापले तंबू ठोकतात, आत भाषणं चालतात आणि लोक बाहेर पॉलिशरचे, म्हणजे तांदूळ घासायच्या मशीनचे, रबर दाबून पाहात फिरतात. मी संघाच्या सुरुवातीपासूनचा आहे. भाषण मात्र कधी केलं नव्हतं. चौथीत शाळा सुटली. कागदावरचं वाचता येते, पण अक्षरांच्या मागे मागे जावं लागते, म्हणून माईकजवळ मी जातच नव्हतो.

यंदा अध्यक्ष घरी आले. गोंदियात वाढलेला माणूस, हिंदीत सुरू करतो आणि मराठीत संपवतो. चहा पिता पिता म्हणाले, "दादाजी, एक काम आहे. गोरेगावकडच्या त्या कंपनीच्या ताई बोलायला येऊन राहिल्या. त्यांची ओळख तुम्ही करून द्या."

ती कंपनी म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून काढलेली. आपलंच धान, आपलीच मिल, आपलीच थैली. दोन-तीन वर्षांत तिनं आमच्या भागातलं बारीक धान निम्म्यानं ओढून घेतलं होतं. माझ्याकडे बापाच्या काळापासून धान आणणारी काही घरंसुद्धा तिकडे गेली होती. बाजारात आमी आणि ते समोरासमोर.

"त्यांना कायले बोलावता?" मी विचारलं.

"कमी पॉलिशचा तांदूळ आता सगळे मागून राहिले. आपल्यापैकी कोणी केला आहे का? त्या करतात. ऐकू तर."

"मग तुमीच द्या ओळख."

"माझं आणि त्यांचं बाजार समितीत भांडण झालं, सबको मालूम है. मी चांगलं बोललो तर लोक हसतील, वाईट बोललो तर पाहुणीचा अपमान. सचिवाच्या शेतातलं अर्धं धान त्यांच्याकडेच जाते. उरले तुम्ही. तुम्ही बोलाल तर कोणी शिट्टी वाजवणार नाही."

हे ऐकून मला बरं वाटलं, ते लपवत नाही. बायको आतून म्हणाली, "ह्यांना भाषण? घरी तरी बोलतात का नीट?" अध्यक्ष हसले. मी हो म्हणून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी सचिवानं एक कागद पाठवला. सूनबाईकडून मी तो वाचून घेतला. त्यात लिहिलं होतं की आमच्या संघाच्या कामातून प्रेरणा घेऊन ताईंनी एक छोटीशी संस्था उभी केली. मी म्हटलं, प्रेरणा आमची कुठची? आणि छोटीशी तर नाहीच. पुढे लिहिलं होतं, त्यांच्या मेहनतीला तोड नाही. तेही काढायला लावलं. दुसऱ्याच्या माणसाला आपल्या मंचावर डोक्यावर घेतलं, तर आपल्याच माणसाला खाली ढकलल्यासारखं होते. खाली ओढणं तर शोभतच नाही. माल दाखवायला आणतात तेव्हा दलाल तोंडानं काही बोलत नाही, फक्त नमुना समोर ठेवतो. ओळखही तशीच असावी, असं मी मनात ठरवलं.

मग मी ताईंना फोन लावला. त्यांच्याबद्दल काय बोलायचं ते त्यांनाच विचारलेलं बरं.

"काका, नाव, कंपनीचं पूर्ण नाव, मी तिथे काय काम पाहते ते, आणि विषय," ताई म्हणाल्या. "नावात कंपनी म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनी, हे नक्की बोला जी. सोसायटी म्हणू नका. लोक दोघांत घोळ करतात."

"आणिक?"

"आणिक काही नाही. मी घरची शेती करते हे बोला, चालेल. पण महिला म्हणून कौतुक नका करू."

"कौतुक मी कोणाचंच नाही करत," मी म्हणालो, आणि ताई फोनवर खळखळून हसल्या. मग आवाज बदलून त्यांनी एक गोष्ट सांगितली. नागपूरच्या एका मोठ्या दुकानदाराला एक ट्रक कमी पॉलिशचा बारीक तांदूळ पाहिजे होता, सगळा एका रंगाचा, एकसारखा घासलेला. त्यांच्या मिलमध्ये निम्माच निघणार होता. आमच्यातल्या चार-पाच मिलवाल्यांनी पॉलिशर सैल करून तसाच माल काढून दिला तर ट्रक भरत होता. मेळाव्यातच होकार घ्यायचा आणि संध्याकाळी दुकानदाराला कळवायचं. नाहीतर तो रायपूरकडून घेणार. "त्यासाठीच येऊन राहिली, काका. ट्रक हातचा सुटला तर माझ्या लोकांचं धान पडून राहील. मी त्यांना शब्द देऊन बसली आहे."

म्हणजे काय पणाला लागलं होतं ते मला त्या फोनवरच ठाऊक झालं होतं. मला माहीत नव्हतं, असं मी आज म्हणू शकत नाही.

आठवडाभर मी वाक्यं पाठ करत होतो. शेतात, मिलमध्ये, आंघोळ करताना. सूनबाई म्हणायची, "बाबा, शाळेत एवढं पाठ केलं असतं तर?" मी म्हणायचो, तेव्हा ओळख करून देण्यासारखं कोणी नव्हतं.

मेळाव्याच्या दिवशी धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, वहाणांना पॉलिश. ताई लवकर आल्या होत्या. मध्यम वयाच्या, साध्या सुती साडीतल्या, पायात चपला, हातात नमुन्यांच्या छोट्या पुड्यांची थैली. मला वाकून नमस्कार केला. प्रत्येक खुर्चीवर त्यांनी एक पुडी ठेवली, मंचावरच्या खुर्च्यांवरसुद्धा. आमच्यातले काही जण कोपऱ्यात उभे राहून पाहात होते. एक जण मोठ्यानं म्हणाला, "धान तर नेलंच, आता मिलही न्यायला आल्या का?" ताई हसून म्हणाल्या, "मिल नाही जी, तुमचं पॉलिशर दोन दिवस पाहिजे." त्या माणसानंही हसू दाबलं.

माझी पाळी आली. माईकचा दांडा धरला. मी बोललो ते इतकंच होतं. ताईंचं नाव, त्यांच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं पूर्ण नाव, त्या तिच्या कामकाजाच्या प्रमुख आहेत आणि घरची शेतीही पाहतात. विषय कमी पॉलिशचा तांदूळ, मशीन कसं लावायचं आणि बाजार कसा आहे. मग म्हटलं, "त्यांची कंपनी आणि आपला संघ एकाच बाजारात धान घेतात, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. आज त्या आपल्या पाहुण्या आहेत. आधी शांतपणे ऐकू, प्रश्न शेवटी विचारू. ताई, या." आणि माईक त्यांच्या हातात देऊन मी बाजूला झालो. कौतुक नाही, टोमणा नाही. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. लोकांनी टाळ्याही नेमक्या वाजवल्या, ना जोरात ना मरतुकड्या. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी खुर्चीवर बसलो आणि जन्मात पहिल्यांदा वाटलं, आपणही माईकवर बोलू शकतो.

इथपर्यंत ठीक होतं.

ताई चांगल्या बोलल्या. पॉलिशरमध्ये हवा किती सोडायची, दाब कुठे कमी करायचा, कणी कशी कमी होते, कोंडा दाण्यावर राहिला तर माल किती दिवस टिकतो, सगळं सांगितलं. जिथे त्यांचंही चुकलं होतं तेही सांगितलं. पहिल्या खेपेला त्यांचा तांदूळ लवकर खवट झाला होता, तेव्हा दुकानदारानं परत पाठवला होता. आमचे लोक ऐकत होते. मागच्या ओळीतले पुढे सरकले. दोन-तीन जणांनी पुड्या उघडल्या.

माझ्या हातातही पुडी होती. मी ती उघडली. कायले उघडली, ते मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं. उघडली, कारण समोर तांदूळ ठेवला की माझा हात थांबत नाही. उभ्या आयुष्यात मी दुसरं केलंच काय आहे? तळहातावर घेतला, अंगठ्यानं घासला, उजेडाकडे धरला. रंग पिवळसर होता, कोंडा राहिलेला. एक दाणा दाताखाली घेतला. कट आवाज आला, कोरडा, पक्का. दाणा उत्तम होता. हे मला तेव्हाच कळलं, आवाज कानात गेला तेव्हाच.

आणि मग मी दोन्ही तळवे एकमेकांवर झटकले.

आमच्या धंद्यात ह्याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. नमुना पसंत पडला तर माणूस उरलेले दाणे पुडीत परत टाकतो, नाहीतर चघळत राहतो. हात झटकले म्हणजे माल नको. तिथे बोलायची गरज नसते. माल दाखवणारा समजून पुढच्या मिलवाल्याकडे जातो. बाजार समितीच्या ओट्यावर माझे हात पाहून कित्येकांनी माल घेतला आणि कित्येकांनी सोडला. गर्व म्हणून नाही सांगत. तसं होतं, म्हणून सांगतो.

मी मंचावर बसलो होतो, सगळ्यांच्या समोर. पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या मिलवाल्यानं माझे हात पाहिले आणि आपली पुडी न उघडताच खिशात टाकली. त्यानं बाजूच्याला कोपरानं ढोसलं. त्या बाजूच्यानंही माझ्याकडे पाहिलं. नंतर ओळीओळीनं काहीतरी सरकत गेलं. ताईंचं बोलणं चालू होतं. त्यांची पाठ माझ्याकडे होती, त्यांना काही दिसलं नाही. समोरचे चेहरे एकाएकी सैल झालेले तेवढे दिसले असतील. थोड्या वेळानं त्या अडखळल्या, एक वाक्य दोनदा बोलल्या.

कमी पॉलिशच्या तांदळाचा कोंडा हाताला चिकटतो. त्यासाठी झटकले, असं मी पहिले काही दिवस स्वतःला समजावत होतो. कोंडा चिकटला होता, हे खरंच आहे. पण त्याच तांदळात पूर्वी माझ्याकडे येणाऱ्या घरांचं धान होतं, हेही मला ठाऊक होतं. हात झटकताना मनात नेमकं काय होतं, कोंडा की ती घरं, ते मला आजही सांगता येत नाही. पोटात कुठेतरी थोडं गोड वाटलं होतं. तेवढं मात्र आठवते.

प्रश्नांची वेळ आली तर कोणी विचारलं नाही. अध्यक्षांनी दोनदा विचारलं. मशीनवाल्यांपैकी एकानं मोटारीचा हॉर्सपॉवर विचारला, संपलं. ताईंनी ट्रकची गोष्ट सांगितली, "कोणाची तयारी असेल तर मी जेवणाच्या वेळी त्या टेबलाजवळ आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुन्हा नेमक्या.

आमच्या संघात एक रीत आहे. ज्यानं पाहुण्याची ओळख करून दिली, त्यानंच पाहुण्याला जेवायला घेऊन बसायचं आणि गाडीपर्यंत सोडायचं. म्हणून मी आणि ताई एका टेबलावर बसलो. भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. टेबलाजवळून लोक जात होते, नमस्कार करत होते, थांबत नव्हते. ताईंनी बराच वेळ भाताला हात लावला नाही.

"काका, मी काही वाईट बोलली का?"

"नाही जी. चांगलं बोलल्या तुमी."

"मग असं काऊन झालं? अर्ध्यापर्यंत ते ऐकून राहिले होते. मले दिसून राहिलं होतं."

मी बुंदी खात राहिलो. तेवढ्यात तो कोपऱ्यात उभा राहणारा, सकाळी टोमणा मारणारा, टेबलाजवळ आला. तो वाईट माणूस नाही, तोंडाळ आहे. म्हणाला, "ताई, तुमचं बोलणं पटलं, खोटं नाही बोलत. पण दादाजीनं हात झटकले म्हणजे आमचं काय चालते? मालक तो आहे नजरेचा."

ताई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या समजून घ्यायचा प्रयत्न करत होत्या, आणि ते मला रागापेक्षा जड गेलं.

"दाणा खराब होता, काका?"

"नाही. दाणा पक्का होता."

"मग?"

"हात झटकायची सवय आहे."

"मग उठून सांगा ना. आता सगळे आहेत. माईक चालू आहे."

माईक खरंच चालू होता. मंचावर सचिव आभार मानत होता. उठलो असतो तर दहा पावलं होती. पण उठून काय सांगणार होतो? की माझा हात खोटं बोलला? माझ्याजवळ शाळेचा कागद नाही, भाषा नाही, पैसा बेताचा. त्या सगळ्याच्या जागी हा हात आहे. त्याच्यावर लोकांचा भरवसा आहे. तो हात चुकला, हे मी सगळ्या मिलवाल्यांसमोर सांगायचं? आणि मग दुसरी एक चांगली सबब सापडली. मी मनात म्हटलं, मी ओळख करून देणारा आहे. मी पाहुण्याची बाजू घेतली तर मेळावा एकीकडे झुकेल. मला तटस्थ राहायला सांगितलं आहे. हाताला तटस्थ राहता आलं नाही, आणि तोंड मात्र तटस्थ राहिलं.

"ताई, मी आज बोलणं बरं नाही दिसणार," मी म्हणालो. "जेवण करा."

त्यांनी ताट सरकवलं. थोडा भात खाल्ला. मग थैली उचलली. उरलेल्या पुड्या टेबलावरून एक एक गोळा केल्या, काही खुर्च्यांवरूनही उचलल्या. मी त्यांना बाहेर गाडीपर्यंत सोडलं, रीत होती म्हणून. बसताना म्हणाल्या, "ओळख छान करून दिली, काका. जसं मी बोलली होती तसंच." त्यांनी ते मनापासून म्हटलं की नाही, मला कळलं नाही. माझ्यासाठी फरक पडत नव्हता.

दुकानदाराला कळवायची संध्याकाळ निघून गेली होती, तरी दुसऱ्या दिवसापासून मी फिरायला लागलो. नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून जिथे तसा माल निघू शकत होता अशा चार-पाच मिलांवर मी गेलो. कोहमाऱ्याजवळची एक, गोरेगावच्या अलीकडची एक, बाकीच्या गोंदियाच्या आसपासच्या. ताईंची पुडी खिशात होती. प्रत्येक ठिकाणी ती उघडून दाणा दाखवला, म्हटलं, "हा माल चांगला आहे. तुम्ही पॉलिशर सैल करा."

कोहमाऱ्याजवळच्या मिलवाल्यानं मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. तो माझा जुना मित्र. म्हणाला, "दादाजी, तू मेळाव्यात हात झटकले. मी समोर होतो."

"ते सवयीनं झालं. दाणा पक्का आहे. चावून पाहा."

"मी चावून काय पाहू? तुझे हात पाहून मी आजवर माल घेतला. तू तोंडानं बोललास म्हणून मी कधी काही घेतलं का? सांग बरं."

तो खोटं बोलत नव्हता.

"ती बाई तुला भेटली असेल," तो म्हणाला. "भुलला असशील. आपण म्हातारे झालो, दादाजी." आणि हसला. मला त्याच्याशी भांडायला पाहिजे होतं, पण मी पुडी बांधून खिशात टाकली. गोरेगावकडच्या मिलवाल्यानं सरळ सांगितलं, त्या कंपनीनं त्याचं धान नेलं, तो तिच्यासाठी पॉलिशर सैल करणार नाही, मी काहीही सांगितलं तरी. हा निदान खरं बोलला. मी मात्र मेळाव्यात त्यालाच आधार दिला होता.

माझ्या मिलमध्ये मी पॉलिशर सैल केलं आणि बारीक धान काढलं. ताईंना फोन करून सांगितलं, माझा माल घ्या, निम्म्या किमतीत घ्या.

"काका, किंमत पूर्ण देऊ जी. पण एका मिलनं ट्रक भरत नाही. दुकानदारानं रायपूरला सांगितलं." मग म्हणाल्या, "तुमचा माल मी थैल्यांत विकीन. पाठवून द्या."

त्यांनी पाठवायला सांगितलेला माल मी पाठवला. त्यांनी तो त्यांच्या नावाच्या थैलीत घातला की वेगळ्या, ते मी विचारलं नाही. त्यांच्या शेतकऱ्यांचं धान त्या हंगामात उशिरा उचललं गेलं. भावही पडलेला होता. कोणी माझ्याकडे तक्रार केली नाही. माझ्याकडे पूर्वी येणाऱ्या एका घरचा म्हातारा आठवडी बाजारात भेटला, राम राम केला आणि चालता झाला. पूर्वी तो थांबून तंबाखू मागायचा.

त्यानंतरच्या संघाच्या बैठकीत मी हात वर केला. अध्यक्षांनी विचारलं, "दादाजी, विषय?" मी म्हटलं, विषय मेळावा. उभा राहिलो. पाठ केलेलं काही नव्हतं, म्हणून नीट जमलं नाही. म्हटलं, "त्या दिवशी मी ताईंच्या तांदळावर हात झटकले. तांदूळ चांगला होता. मी तो दाताखाली घेतला होता, मला माहीत होतं. माझा हात चुकला, आणि चुकला हे तेव्हाच कळलं, तरी मी उठून सांगितलं नाही. आता सांगतो."

कोणीतरी खोकललं. मग त्या कोपऱ्यातल्या तोंडाळ माणसानं, चांगल्या मनानंच, वातावरण हलकं करायला म्हटलं, "जाऊ द्या जी, उमर झाली दादाजीची. अब दाणा थोडी दिसते." सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, "बिलकुल, बिलकुल, होते असं," आणि पुढचा विषय घेतला. मी बसलो. नजर जाऊन राहिली म्हणून हात चुकला, एवढंच त्यांनी ऐकलं. मी जे सांगितलं ते ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं, आणि पुन्हा उभं राहायचा माझ्यात जोर नव्हता.

आता ओट्यावर गेलो तर माल दाखवणारे आधी दुसऱ्याकडे जातात. माझ्याकडेही पुडी देतात, मान राखून. मी दाणे घेतो, पाहतो आणि परत पुडीत टाकतो, माल कसाही असो. झटकायचं सोडलं आहे. म्हणून माझ्या हातावरून आता कोणाला काही कळत नाही.

बैठकीत मी काय बोललो ते ताईंना मी सांगितलेलं नाही. दोन-तीनदा फोन हातात घेतला होता. सांगितलं तर त्या म्हणतील, असू द्या काका. तसं म्हणायची त्यांची रीतच आहे. त्यांच्या तोंडून तेवढं ऐकायला मिळावं म्हणून तर मी फोन करून राहिलो नाही ना, असं मनात येते, आणि मी फोन खाली ठेवतो.